यादीत आडनाव आधी की शेवटी? चार हजार नावांची सरमिसळ

टिचकी

नमस्कार मंडळी. एका वाचनालयाच्या सभासदांची यादी माझ्या गळ्यात पडली आहे. ओळी ४,३१२. तीन ठिकाणांहून गोळा झालेली: जुन्या रजिस्टरवरून टाइप केलेली, दुसऱ्या एका शाखेकडून आलेली फाइल आणि ऑनलाइन फॉर्म. पूर्ण नाव एकाच रकान्यात आहे. काहींचं आडनाव आधी, काहींचं शेवटी. नमुना (नावं बदलली आहेत, क्रम तसाच ठेवलाय):

```
सुनीता रमेश पाटील
जोशी वैशाली विजय
कुलकर्णी प्रकाश
दिनकर वामन जोशी
```

तीन शब्दांच्या ओळी ३,६४०, दोन शब्दांच्या ५९०, उरलेल्या ८२ एक किंवा चार-पाच शब्दांच्या. मला सगळीकडे "नाव, मधलं नाव, आडनाव" असा एकच क्रम हवा आहे.

केलेला उद्योग आधीच कबूल करते. आडनाव आधी असलेल्या साठेक ओळी डोळ्यांनी निवडल्या आणि स्क्रिप्टने उलट्या केल्या. `reversed()` लावलं की झालं, असं वाटलं होतं. "पाटील सुनीता रमेश" उलटं केलं की "रमेश सुनीता पाटील" होतं हे ओळखपत्रं छापून झाल्यावर कळलं. एक बाई कार्ड घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "हे माझ्या वडिलांचं आहे का?"

तर प्रश्न दोन. कोणती ओळ कोणत्या क्रमात आहे हे यंत्राला कसं ओळखायला लावायचं? आणि दुरुस्ती सुरक्षित कशी करायची?

भटकी लेखणी

सोप्पं आहे की. फोनमध्ये कॉन्टॅक्टच्या सेटिंगमध्ये "आडनाव आधी दाखवा" असा पर्याय असतो. तो बंद करा, सगळी नावं आपोआप सरळ दिसतात.

टिचकी

@भटकी लेखणी, तो पर्याय चालतो कारण तिथे नाव आणि आडनाव वेगवेगळ्या खणांत भरलेलं असतं, फोन फक्त दाखवायचा क्रम बदलतो. माझ्याकडे सगळं एकाच खणात कोंबलंय. कोणता शब्द आडनाव आहे हेच माहीत नाही, मग दाखवणार काय.

सरासरी माणूस

आकडेवारीचा साधा नियम: नावांपेक्षा आडनावं कमी असतात. पहिल्या रकान्यात वेगवेगळे शब्द किती आणि शेवटच्या रकान्यात किती ते मोजा. ज्या बाजूला वेगळे शब्द कमी, ती आडनावाची बाजू.

रिकामा रकाना

सरासरी माणूस, हे कोरियन किंवा व्हिएतनामी यादीत छान चालेल. तिथे मोजक्या आडनावांत बहुसंख्य लोक मावतात. व्हिएतनामी यादीत तर एकटं Nguyễn मोजलं तरी बाजू कळते. आपल्या नावांत तसं नाही. एका मध्यम यादीत आडनावंही शेकड्यांनी निघतात, आणि एकाच पिढीतल्या लोकांची यादी असेल तर "संतोष", "सुनीता" यांचीच गर्दी जास्त असते. त्यात टिचकींची यादी मुळातच मिसळलेली, म्हणजे दोन्ही बाजूंचे आकडे जवळपास सारखेच येणार.

टिचकी

मोजले. पहिल्या जागी १,१८० वेगवेगळे शब्द, शेवटच्या जागी १,०९०. यातून काय समजायचं?

सरासरी माणूस

बरं, माघार. पण यादी एकाच क्रमातली आणि त्या प्रकारच्या नावांची असती तर माझा नियम चालला असता, एवढं नोंदवून ठेवतो.

पुस्तककिडा

एवढा विचार कशाला? शेवट "कर" असलेला शब्द म्हणजे आडनाव. `कर$` हे रेजेक्स पहिल्या शब्दावर चालवा, सापडलं की तो शब्द शेवटी न्या. निम्मी यादी तिथेच सुटेल.

टिचकी

चालवून पाहिलं. ४१२ ओळी सापडल्या. वरच्या नमुन्यातले "दिनकर वामन जोशी" आता "वामन जोशी दिनकर" झाले आहेत.

ओसरीवरचे आजोबा

दिनकर, मधुकर, सुधाकर, प्रभाकर, दिवाकर, रत्नाकर, पद्माकर, भास्कर. आमच्या पिढीतल्या अर्ध्या मित्रमंडळाचं आडनाव करून टाकलंत की हो. 😄

पुस्तककिडा

अरे हो! मग "ाकर" असेल तर नाव आणि नुसतं "कर" असेल तर आडनाव, असं करू.

ओसरीवरचे आजोबा

दिनकर आणि मधुकरात "ाकर" कुठे आहे? आणि "ठाकर" आडनाव असतं त्याचं काय करणार? जिथे तिथे अपवाद निघेल बाळा.

रिकामा रकाना

शेवटच्या अक्षरांवरून अंदाज करणं पुरावा म्हणून वाईट नाही, पण त्यावर निकाल द्यायचा नाही. टिचकी, तुमच्याकडे याहून कितीतरी चांगला पुरावा फुकटात पडलेला आहे. दोन्ही क्रम शेजारी मांडा:

```
नाव    मधलं   आडनाव
आडनाव  नाव    मधलं
```

मधल्या जागी आडनाव कधीच येत नाही. एका क्रमात तिथे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव येतं, दुसऱ्यात स्वतःचं. दोन्ही नावंच. म्हणजे यादी कितीही मिसळलेली असू दे, मधला रकाना स्वच्छ आहे. ३,६४० ओळींचा मधला शब्द घेतलात की नावांचा कोश तयार. बाहेरून कुठली यादी आणायची गरज नाही.

मग प्रत्येक ओळीची दोन टोकं पाहायची. ज्या टोकाचा शब्द इतर ओळींत मधे जास्त वेळा दिसतो ते टोक नावाचं, उरलेलं आडनावाचं.

```python
from collections import Counter
from math import log

mid = Counter(t[1] for t in rows)

def lean(t):
    return log((mid[t[2]] + 0.5) / (mid[t[0]] + 0.5))
```

`rows` मध्ये फक्त तीन शब्दांच्या ओळी द्या. उत्तर धन आलं तर आडनाव आधी आहे, ऋण आलं तर शेवटी. शून्याच्या आसपास असेल तर यंत्राला माहीत नाही, आणि माहीत नाही असं त्याला म्हणू द्या. मी सहसा १.५ च्या आतली ओळ सोडून देतो. शब्द एकदाच मधे दिसला असेल तर लॉग १.१ येतो, दोनदा दिसला तर १.६. म्हणजे एका साक्षीदारावर फाशी नाही.

आणि दुरुस्ती करताना उलटायचं नाही, फिरवायचं. पहिला शब्द उचलून शेवटी: `t[1:] + t[:1]`. बाकीच्या दोघांचा आपसातला क्रम तसाच राहतो.

टिचकी

हे भारी आहे! "पाटील सुनीता रमेश" या ओळीत "रमेश" मधे ६१ वेळा, "पाटील" मधे २ वेळा. उत्तर ३.२. अगदी नि:संशय.

पण "पाटील" मधे दोनदा तरी का आला? मधे आडनाव येत नाही म्हणालात ना?

रिकामा रकाना

"कधीच" हा शब्द माझा चुकला. त्या दोन ओळी उघडून पाहा.

टिचकी

पाहिल्या. एकीत माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही आडनावं लावलेली आहेत, मधलं नाव नाहीच. दुसरीत सुरुवातीला "श्री" आहे म्हणून "श्री पाटील प्रकाश" असे तीन शब्द झालेत.

आणि आता खरी तक्रार. "अनुष्का विजय जोशी" ही ओळ चांगली सरळ आहे. तिला १.९५ मिळाले, म्हणजे आडनाव आधी! "जोशी" मधे तीनदा आलाय (पुन्हा माहेरची आडनावं), "अनुष्का" एकदाही नाही. स्क्रिप्टच्या मते "जोशी" हे नाव आणि "अनुष्का" हे आडनाव.

रिकामा रकाना

बरोबर पकडलंत. "श्री", "सौ", "डॉ" वगैरे मोजणीच्या आधी काढून टाका, हे मी सांगायला हवं होतं. पण जोशींची अडचण त्याने सुटणार नाही. चूक माझ्या सूत्रात आहे. मधे तीनदा दिसला हे तीन एकूण कितीपैकी ते मी पाहिलंच नाही. "जोशी" सगळ्या यादीत किती वेळा आहे?

टिचकी

१२० वेळा, त्यात मधे ३. "अनुष्का" एकूण २ वेळा, दोन्ही वेळा पहिल्या जागी.

रिकामा रकाना

मग नुसती संख्या नको, वाटा घेऊ.

```python
tot = Counter(x for t in rows for x in t)

def share(x):
    return (mid[x] + 1) / (tot[x] + 3)

def lean(t):
    return log(share(t[2]) / share(t[0]))
```

वर १ आणि खाली ३ का? ज्या शब्दाबद्दल काहीच माहिती नाही तो तिन्ही जागांपैकी कुठेही सारखाच शक्य आहे असं धरून सुरुवात करायची, म्हणजे एक तृतीयांश. पुरावा जमेल तसा आकडा हलतो. जोशींचा वाटा ४ भागिले १२३, म्हणजे ०.०३. अनुष्काचा १ भागिले ५, म्हणजे ०.२. भागाकाराचा लॉग उणे १.८. ओळ सरळ आहे असा निकाल. १२० वेळा येऊन फक्त तीनदा मधे बसणारा शब्द आडनावच असतो. दोनदाच दिसलेल्याबद्दल मात्र ठामपणे काही म्हणता येत नाही, आणि सूत्रही आता तसं म्हणत नाही.

गणिताच्या बाई

रिकामा रकाना, तुमच्या युक्तीत एक भोक आहे. ज्या ओळी "नाव, मधलं, आडनाव" अशा आहेत त्यांच्या मधे फक्त पुरुषांची नावं येतात. बायकांची नावं मधे येतात ती केवळ आडनाव आधी असलेल्या ओळींतून. तशा ओळी कमी असतील तर "शुभांगी" हा शब्द तुमच्या सूत्राला आडनावासारखाच दिसणार. भरपूर वेळा येतो आणि मधे कधीच नाही.

टिचकी

बाई, अगदी तेच होतंय! "शुभांगी" ३० वेळा, मधे एकदाही नाही. "शुभांगी … जोशी" ओळीला ०.०७. मधे लटकलेल्या ओळी पाहिल्या तर बहुतेक बायकांच्या. आतापर्यंतचा हिशोब: आडनाव शेवटी २,११५, आडनाव आधी ८७०, अनिर्णित ६५५.

रिकामा रकाना

मान्य. म्हणूनच हे एका फेरीत संपत नाही. पहिल्या फेरीत १.५ च्या पलीकडे गेलेल्या ओळींत आडनाव कोणतं ते आता कळलंय. त्यातून आडनावांचा कोश करा. "जोशी" पुरुषांच्या ओळींतून पन्नासेक वेळा आडनाव म्हणून नक्की झाला असेल, "शुभांगी" एकदाही नाही. दुसऱ्या फेरीत लटकलेल्या ओळींची टोकं या नव्या कोशात शोधा. असं दोन-तीनदा केलं की आकडे हलायचे थांबतात.

एकच पथ्य पाळा. ओळ तपासताना तिचं स्वतःचं मत कोशातून वजा करा. नाहीतर पहिल्या फेरीत चुकलेली ओळ दुसऱ्या फेरीत स्वतःलाच साक्षीला बोलावते आणि चूक आणखी पक्की होते. दुर्मीळ आडनावांत हे हमखास होतं, कारण तिथे साक्षीदार ती एकटीच असते.

गणिताच्या बाई

कोश न वापरता होणारी आणखी एक गोष्ट सांगते. एकाच घरातले दोन सभासद शोधा, फोन नंबर एकच असलेले. भावंडं असतील तर दोन शब्द सारखे आणि एक वेगळा. वेगळा शब्द पहिल्या जागी असेल तर आडनाव शेवटी. वेगळा शब्द मधे असेल तर आडनाव आधी. शब्दांचा अर्थ कळायची गरजच नाही. "क ख ग" आणि "च ख ग" एवढ्यावरून कळतं.

सरासरी माणूस

हे तर फोन नंबर नसला तरी चालेल. सगळ्या यादीत दोन शब्द सारख्या असलेल्या जोड्या शोधायच्या.

गणिताच्या बाई

नाही चालणार. "सचिन रमेश पाटील" आणि "सचिन सुरेश पाटील" हे दोन परके लोक आहेत, आडनाव शेवटी आहे, तरी वेगळा शब्द मधे आलाय. त्यांना भावंडं धरलंत तर दोघेही उलटे फिरतील. घर एकच आहे याचा वेगळा पुरावा हवाच. आणि दोन्ही ओळी एकाच वेळी, एकाच हाताने भरलेल्या हव्यात. बापाने आपलं नाव एका क्रमात आणि मुलाचं दुसऱ्यात लिहिलं असेल तर जोडीतून काही निघत नाही.

टिचकी

फोन जुळणाऱ्या भावंडांच्या १४८ जोड्या मिळाल्या. त्यांतल्या १४५ जोड्यांत बाईंची पद्धत आणि रकान्यांची पद्धत एकाच उत्तरावर आली. उरलेल्या तिनांपैकी दोन जोड्यांत फोन नंबर टाइप करणाऱ्याचाच होता, ज्यांनी आपला नंबर दिला नाही त्या सगळ्यांना त्याने स्वतःचा लावलेला. 🙄

दूरदेशी

माझी यादी वेगळी आहे, पण दुखणं तेच. एका परिषदेचे उपस्थित, सगळं रोमन लिपीत. हंगेरियन आणि जपानी लोक आडनाव आधी लिहितात, पण त्यांतलेच काही इंग्रजीत लिहिताना उलटवतात. जपान सरकारने १ जानेवारी २०२० पासून आपल्या कागदपत्रांत रोमन लिपीतही आडनाव आधी लिहायला सुरुवात केली, त्यामुळे एकाच माणसाचं नाव जुन्या यादीत एका क्रमात आणि नव्यात दुसऱ्या. मधलं नाव बहुतेकांना नाहीच. तुमची मधल्या रकान्याची युक्ती मला कशी वापरता येईल?

रिकामा रकाना

नाही येणार. तुमच्या यादीत चिन्हं पाहायची. "Tanaka, Hanako" मधला स्वल्पविराम म्हणजे आडनाव आधी, विषय संपला. "TANAKA Hanako" असं एकच शब्द मोठ्या अक्षरांत असेल तर तो आडनाव. "A. B. Martin" आणि "Martin A. B." यांत आद्याक्षरं ज्या बाजूला ती नावाची बाजू, हे बहुतेक वेळा खरं. पासपोर्टखालच्या यंत्राने वाचायच्या ओळीतून डेटा आला असेल तर देवच पावला, तिथे आडनाव, मग `<<`, मग नावं असाच ठरलेला क्रम असतो.

दूरदेशी

स्वल्पविराम होते! CSV करताना त्रास देतात म्हणून आमच्या एका उत्साही सहकाऱ्याने सगळे काढून टाकले. आणि मग "सुबक दिसावं" म्हणून सगळं पहिलं अक्षर मोठं, बाकी लहान.

रिकामा रकाना

मग मूळ फाइल शोधा. यादी "साफ" करणारी पहिली पायरी नेमका हाच पुरावा पुसते, दरवेळी. आणि आइसलँडचे लोक असतील तर त्यांना वेगळं काढा. शेवटचा शब्द बहुधा आडनाव नसून वडिलांच्या किंवा आईच्या नावावरून बनलेला असतो, आणि त्यांच्या याद्या पहिल्या नावानेच लागतात.

पुस्तककिडा

टिचकी, माझ्या रेजेक्सची भरपाई म्हणून एक कामाची गोष्ट. मोजायच्या आधी लेखन एकसारखं करा. "सुनिता" आणि "सुनीता", "पाटिल" आणि "पाटील" वेगळे मोजले जातायत. आणि "कऱ्हाडे" दोन तऱ्हांनी टाइप होतं: कोणी ऱ वापरतो, कोणी साध्या र ला हलन्त लावून पुढे अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर सारखंच दिसतं, यंत्राला दोन आडनावं.

रिकामा रकाना

हे सोनं आहे. फक्त ते मोजणीच्या किल्लीपुरतं करा, नाव साठवताना नाही. कोणी स्वतःला "सुनिता" लिहीत असेल तर ती सुनिताच.

टिचकी

किल्ली करून, कोशाच्या तीन फेऱ्या मारून अनिर्णित ६५५ वरून २६० वर आले. आता एक विचित्र गोष्ट दिसली. सभासद क्रमांकाने लावलं तर १ ते १,९०० मध्ये जवळजवळ सगळ्यांचं आडनाव शेवटी. १,९०१ ते २,७५० मध्ये जवळजवळ सगळ्यांचं आधी. पुढे मिश्र. मी इतके दिवस यादी अकारविल्हे लावून बघत होते म्हणून दिसलंच नाही.

रिकामा रकाना

मिसळ अशीच होते. माणसं एकेक ओळ नाणं उडवून लिहीत नाहीत. मधला पट्टा दुसऱ्या शाखेच्या फाइलचा असणार. मग प्रत्येक ओळीला तिच्या पट्ट्याचा कल जोडा. पट्ट्यात १०० पैकी ९७ आडनाव आधी असतील तर कलाचा लॉग साधारण ३.५ होतो. पण पूर्ण ३.५ जोडू नका, १ वर थांबवा. नाहीतर उणे १.८ वाली, पुराव्याने सरळ ठरलेली ओळ नुसत्या शेजाऱ्यांमुळे फिरेल.

गणिताच्या बाई

इथे मी असहमत. गणित जे सांगतं ते पूर्ण घ्यावं. ९७ टक्के खरंच असेल तर १ वर थांबवणं म्हणजे हातात आलेला पुरावा फेकून देणं.

रिकामा रकाना

९७ टक्के हा आकडा आपल्याच निकालांवरून काढलाय ना बाई? निकाल चुकले तर तोही फुगलेला. आणि पट्ट्यातले उरलेले तीन टक्के, तेच तर शोधायला बसलोय.

गणिताच्या बाई

मग शंभर ओळी हाताने तपासून तो आकडा काढा आणि पूर्ण वापरा. मनाला येईल तिथे कात्री लावायला माझा विरोध आहे.

टिचकी

तुमचं ठरेपर्यंत मी पट्ट्याचा कल फक्त अनिर्णित ओळींना लावला, ठरलेल्यांना हात नाही. १२० सुटल्या, १४० उरल्या.

ओसरीवरचे आजोबा

दुरुस्ती चालवायच्या आधी या म्हाताऱ्याचं ऐका. मी एकदा असंच एका मंडळाच्या यादीवर फिरवाफिरवी केली. स्क्रिप्ट मधेच अडकली, म्हणून पुन्हा चालवली. पहिल्या वेळी फिरलेल्या ओळी दुसऱ्यांदा फिरल्या. "पाटील सुनीता रमेश" पहिल्या फेरीत सरळ झालं आणि दुसऱ्या फेरीत "रमेश पाटील सुनीता" झालं. कुठल्याच क्रमात न बसणारं. मूळ फाइल मी तिच्यावरच लिहिली होती. तीन रात्री रजिस्टर घेऊन बसलो.

रिकामा रकाना

आजोबांचं म्हणणं भिंतीवर लावा. मूळ रकाना हात न लावता ठेवायचा. नवे रकाने: सुचवलेला क्रम, गुण, आणि निकाल कशावरून लागला (मधला रकाना, आडनावांचा कोश, भावंडांची जोडी, पट्टा). सुचवलेलं नाव दर वेळी मूळ रकान्यातूनच काढायचं, मग स्क्रिप्ट दहादा चालवली तरी उत्तर तेच. "कशावरून" हा रकाना कंटाळवाणा वाटतो, पण उद्या एक पद्धत चुकीची निघाली तर फक्त तिच्याच ओळी मागे घेता येतात.

सरासरी माणूस

आणि बरोबर झालंय हे कसं कळणार? ठरलेल्यांतल्या पन्नास ओळी बघितल्या, चूक नाही, म्हणजे झालं?

गणिताच्या बाई

पन्नासांत शून्य चूक म्हणजे खरी चूक सहा टक्क्यांपर्यंत असू शकते. तीन भागिले तपासलेल्या ओळी, हा ढोबळ हिशोब. ३०० तपासून शून्य आली तर एक टक्क्यापर्यंत. टिचकींच्या यादीत एक टक्का म्हणजे चाळीसेक चुकीची ओळखपत्रं, तेव्हा ३०० तरी बघाच. ओळी चिठ्ठ्या टाकून निवडा, वरच्या ३०० घेऊ नका. वर सगळा पहिला पट्टा आहे, तो सरळच आहे. आणि फिरवलेल्या ओळींतून जास्त घ्या. न फिरवलेली ओळ चुकली तर ती आधीच चुकलेली होती, फिरवून चुकली तर ती आपण चुकवली.

टिचकी

३०० तपासल्या, त्यांतल्या २०० फिरवलेल्यांमधून. दोन चुका निघाल्या, दोन्ही "कशावरून" रकान्यात "पट्टा" असलेल्या. त्या पद्धतीच्या सगळ्या १२० ओळी आता हाताने पाहतेय.

रिकामा रकाना

पाहिलंत ना बाई?

गणिताच्या बाई

दोन चुकांवरून काही सिद्ध होत नाही.

टिचकी

दोन शब्दांच्या ५९० ओळी राहिल्या होत्या. त्यांना मधला रकानाच नाही, म्हणून तीन शब्दांच्या ओळींतून झालेले दोन्ही कोश लावले. "कुलकर्णी प्रकाश" वगैरे लगेच सुटल्या. ६३ अडल्या. त्यांतली ही बघा:

```
सागर आनंद
```

दोन्ही शब्द नावांच्या कोशात भरपूर वेळा. दोन्ही आडनावं म्हणूनही चालतात. पट्टा मिश्र. घरात दुसरं कोणी सभासद नाही.

पुस्तककिडा

आनंद आडनाव. पैज.

सरासरी माणूस

आडनाव सागर असू शकतं. पन्नास-पन्नास.

ओसरीवरचे आजोबा

फोन नंबर असेल ना? लावा की.

टिचकी

लावला. सागर हे नाव, आनंद हे वडिलांचं नाव. आडनाव ते लावतच नाहीत, आणि कुठल्या फॉर्ममध्ये सक्तीचं असेल तर तिथे एक रेघ मारतात. आता माझ्या तीन रकान्यांत यांचं काय करू? आणि उरलेल्या ६२ मध्ये असे किती असतील?

रिकामा रकाना

आडनावाचा रकाना रिकामा ठेवा, रेघसुद्धा नको. रेघ ठेवलीत तर पुढच्या वेळी मोजणीत "-" हे यादीतलं एक लोकप्रिय आडनाव निघेल. बासष्टांचं मात्र फोन लावल्याशिवाय मला सांगता येणार नाही.